कार्यशाळेचा समारोप दरवर्षी फुकट जातो? दोष शोधून दुरुस्त करण्याची पद्धत

तक्रार नेहमीची आहे. कार्यशाळा चांगली होते, लोक प्रश्न विचारतात, वह्या भरतात. शेवटी सूत्रसंचालक म्हणतात, "आता आपण आजच्या तीन महत्त्वाच्या गोष्टी पुन्हा एकदा पाहू." तीन गोष्टी सांगून होतात, टाळ्या पडतात, घोषणा होते. आठ दिवसांनी त्यातल्याच एखाद्याला फोन केला, तर उत्तर येतं, "कार्यक्रम लई भारी झाला साहेब." पण त्या तीन गोष्टींपैकी एकही सांगता येत नाही, आणि केलेली तर त्याहून नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच कार्यशाळा, तेच मुद्दे आणि बरेचसे तेच चेहरे.

हे का होतं आणि कसं सुधारायचं, ते एका ठरावीक कार्यशाळेवर दाखवतो, कारण समारोपाबद्दल मोघम बोलून काहीच हाती लागत नाही. मे महिन्यात मराठवाड्यातल्या गावांमध्ये सोयाबीन पेरणीपूर्व कार्यशाळा होतात, त्यातली एक घेऊ. चाळीसेक शेतकरी, मंदिराचा सभामंडप, साडेदहाला सुरुवात. विषय एकच, बी उगवलं पाहिजे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हापासून घरच्या बियाण्याची उगवण तपासा, हे प्रत्येक कार्यशाळेत सांगितलं जातं. ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण गोणपाटात बिया लावून बघणारे मोजकेच सापडतात. सांगणं आणि होणं यांच्यातली ही फट बुजवण्याची शेवटची संधी म्हणजे समारोप.

आधी निदान

समारोप फसला हे त्याच दिवशी कळत नाही, कारण अभिप्रायाचा फॉर्म खोटं बोलतो. मंडप सोडायच्या घाईत माणूस सगळीकडे "उत्तम" वर टिक मारतो. खरी तपासणी दोन ठिकाणी होते. पहिली दारात. चपला शोधणाऱ्या तिघा-चौघांना सहज विचारायचं, "घरी गेल्यावर पहिलं काय करणार?" "बियाण्याची काळजी घ्यायची" असं उत्तर आलं, तर मुद्दा पोहोचलेला नाही. "पोत्यातून शंभर बिया काढणार" असं आलं, तर पोहोचला. दुसरी तपासणी आठव्या दिवशी फोनवर. इथे कार्यशाळा कशी वाटली हे विचारायचंच नाही. "चाचणी लावली का? शंभरात किती उगवल्या?" एवढंच विचारायचं. आकडा सांगता आला तर काम झालं.

दारात बरोबर आणि फोनवर चूक, असं निघालं तर लक्षात राहण्यात दोष नाही, करण्यात अडचण आहे. दारातच चूक निघाली तर दोष समारोपात आहे. आणि दारातल्या तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली, एकाने खताचं सांगितलं, एकाने वाणाचं, एकाने विम्याचं, तर दिवसभरात फार विषय झाले. त्यावर समारोपाचा इलाज चालत नाही. नऊ विषयांच्या कार्यशाळेचा तीन मुद्द्यांत समारोप करणं म्हणजे उरलेले सहा विषय उगाच घेतले, हे कबूल करणं. तिथे कार्यक्रमपत्रिकाच कापावी लागते.

पहिला दोष: समारोप चुकीच्या जागी बसतो

आपल्याकडच्या कार्यक्रमाची घडण ठरलेली असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग मार्गदर्शन. शेवटी अध्यक्षीय समारोप, आभार प्रदर्शन, राष्ट्रगीत आणि जेवण. ज्याला आपण समारोप म्हणतो तो या रांगेत मार्गदर्शन आणि अध्यक्षीय भाषण यांच्यात चेंगरतो. तीन मुद्दे सांगून होतात आणि त्यावर पंधरा मिनिटं अध्यक्ष बोलतात, मग दहा मिनिटं आभार चालतात, ज्यात मंडपवाल्यापासून माईकवाल्यापर्यंत सगळे येतात. माणूस शेवटी ऐकलेलं जास्त लक्षात ठेवतो हे खरं आहे. म्हणूनच तो मंडपवाल्याचं नाव घेऊन घरी जातो.

त्यात मागून वरणाला दिलेल्या फोडणीचा वास येतो. बारा-साडेबाराला समारोप ठेवला की मागच्या दोन रांगा पंगतीच्या दिशेला तोंड करून बसतात. त्यांचा काही दोष नाही.

दुरुस्ती म्हणजे क्रम बदलणं, आणि तो आदल्या दिवशीच बदलावा लागतो. ऐन वेळी माईक हातात असताना कुणी बदलू शकत नाही. सत्कार आणि अध्यक्षांचं मनोगत सकाळी सुरुवातीला घ्या. अध्यक्षांना आधी भेटून सांगा, "साहेब, तुमचं बोलणं लोक ताजे असताना व्हावं असं वाटतं, आणि शेवटी लोकांच्या हातून एक काम करून घ्यायचंय, त्याला तुम्ही थांबलात तर बरं होईल." यात खोटं काहीच नाही, आणि बहुतेक जण खूश होतात, कारण त्यांनाही लवकर निघायचं असतं. जेवण एक वाजता, मधोमध. सह्या, हजेरीपत्रक, प्रमाणपत्रं हे सगळं जेवणाच्या आधीच्या रांगेत उरकायचं. प्रमाणपत्र शेवटी ठेवलं की लोक थांबतात हा समज बरोबर आहे, पण ते प्रमाणपत्रासाठी थांबतात आणि कान बंद करून थांबतात. आभार जेवणानंतर लगेच, दोन मिनिटांत. मग दुपारचं प्रात्यक्षिक आणि सगळ्यांत शेवटी समारोप. त्यानंतर चहा आणि घरचा रस्ता.

आणखी एक वस्तू शेवटातून काढायची, ती म्हणजे "कुणाला काही प्रश्न?" हे वाक्य शेवटी टाकलं की एक हात वर होतो आणि प्रश्न पीकविम्याचा निघतो. तो प्रश्न खराच असतो, रागही खरा असतो, आणि पाच मिनिटांत मंडपात विम्याशिवाय दुसरा विषय उरत नाही. लोक तोच विषय बोलत गाडीवर बसतात. प्रश्नोत्तरं समारोपाच्या आधी घ्या, विम्याचा प्रश्न आला तर तिथे पूर्ण ऐका, कुणाला भेटायचं ते सांगा, आणि मग समारोपाकडे वळा.

एसटीची वेळ पण विचारून ठेवा. साडेतीनची गाडी शेवटची असेल तर पावणेचारचा समारोप कितीही चांगला बांधला तरी तो रिकाम्या सतरंज्यांपुढे होणार.

दुसरा दोष: मुद्दे शीर्षकासारखे असतात

बहुतेक समारोपांत तीन मुद्दे असे येतात: दर्जेदार बियाणे, बीजप्रक्रिया, योग्य वेळी पेरणी. ही पुस्तकातली प्रकरणं झाली. ऐकणाऱ्याला उद्या सकाळी उठून काय करायचं हे त्यात कुठेच नाही. दर्जेदार म्हणजे किती? योग्य वेळ म्हणजे कोणती? शेतकरी मान हलवतो, कारण यात नाकारण्यासारखं काहीच नसतं. ज्या मुद्द्याला कुणी "पण" म्हणत नाही, तो मुद्दा बहुतेक वेळा मुद्दाच नसतो.

तीन कोणते निवडायचे, यावर मी बराच हट्टी आहे. तिन्ही मुद्दे एकाच प्रश्नाचं उत्तर असले पाहिजेत, आणि तिन्ही शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात असले पाहिजेत. प्रश्न आहे, बी का उगवत नाही? घरचं बी कमजोर निघतं, पुरेशी ओल नसताना पेरणी होते, किंवा बी खोल पडतं. म्हणून तीन मुद्दे हे.

एक. पेरणीच्या आधी शंभर बिया गोणपाटात लावायच्या. सत्तर किंवा जास्त उगवल्या तर एकरी तीस किलो बी. कमी उगवल्या तर त्या प्रमाणात बी वाढवायचं. साठच्या खाली आल्या तर ते बी पेरायचं नाही.

दोन. ७५ मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही. शंभर झाला तर उत्तम.

तीन. बी चार सेंटीमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

यात बीजप्रक्रिया नाही, आणि ती वगळली की कृषी खात्यातले मित्र नाराज होतात. बीजप्रक्रिया करावीच. ती प्रात्यक्षिकात दाखवा, आधी बुरशीनाशक आणि नंतर जिवाणू हा क्रम घडीपत्रिकेवर ठळक छापा. पण समारोपात चौथा मुद्दा आला की पहिला गळतो. तुमच्या भागात मर किंवा मूळकुजीचा त्रास मोठा असेल तर खोलीचा मुद्दा काढा आणि बीजप्रक्रिया घ्या. काढल्याशिवाय घालू नका, एवढंच.

मुद्द्यात "आणि" आला की सावध व्हायचं. "योग्य ओलीवर आणि योग्य खोलीवर पेरणी" हे एक वाक्य दिसतं, पण ती दोन वेगळ्या दिवशी करायची दोन वेगळी कामं आहेत. पाऊस मोजायचं काम पेरणीच्या आधीचे आठ-दहा दिवस चालतं. खोली बघायचं काम पेरणी यंत्र शेतात उतरल्यावर पहिल्या तासात करायचं असतं. ज्या कामाचा दिवस वेगळा, तो मुद्दा वेगळा.

प्रत्येक मुद्द्याला मोजायचं साधन पण जोडून द्यावं लागतं, नाहीतर ७५ मिलिमीटर हा आकडा सरकारी पत्रकातच राहतो. शेतकऱ्याकडे पर्जन्यमापक नसतो. पण सरळ भिंतीचा, तळाशी आणि तोंडाशी सारखाच रुंद असा पत्र्याचा डबा सगळ्यांकडे असतो. तो उघड्या जागी, झाडापासून आणि पत्र्यापासून लांब ठेवायचा, सकाळी मुलाच्या शाळेच्या पट्टीने पाणी मोजायचं, आकडा भिंतीवर लिहायचा आणि डबा रिकामा करायचा. बेरीज साडेसात सेंटीमीटर झाली की ७५ मिलिमीटर. वर रुंद आणि खाली अरुंद असलेली बादली चालत नाही, त्यात आकडा फुगतो. मात्र ही बेरीज चार-पाच दिवसांतल्या पावसाची हवी. पंधरा दिवसांत मधूनमधून पडलेल्या सरींची बेरीज केली तर मधल्या उन्हात ओल उडून गेलेली असते.

खोलीलाही असंच. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने बी सहज खोल जातं, आणि वरून जोराचा पाऊस होऊन पपडी धरली की कोंब ती फोडून वर येत नाही. म्हणून पहिल्या तासात यंत्र थांबवायचं, पेरलेल्या ओळीतली माती बोटाने उकरायची आणि बी किती खाली आहे ते पट्टीने बघायचं. दीड पेरापेक्षा जास्त बोट आत गेलं तर ट्रॅक्टरवाल्याला यंत्र वर घ्यायला लावायचं. त्याला घाई असते, पुढचं शेत वाट बघत असतं. म्हणून हा मुद्दा शेतकऱ्याला वाक्यासकट द्यावा लागतो: "दादा, दोन ओळी झाल्या की थांबा, मला बी बघायचंय." हे वाक्य मंडपात एकदा मोठ्याने म्हणून घेतलं की शेतात म्हणायला जड जात नाही.

तिसरा दोष: बोलणारा तोच

दिवसभर जो बोलला तोच समारोपात पुन्हा बोलतो. ऐकणाऱ्याला हे ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं अशी सगळ्यांची समजूत होते. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. काहींना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. समारोपात आपण फसतो ते याच पाच मिनिटांच्या निकालाने. मुद्दे पुन्हा सांगितले की मंडपात सगळं छान समजल्यासारखं दिसतं, आणि आपल्याला पाहिजे असतो आठव्या दिवसाचा निकाल.

म्हणून मुद्दे तुम्ही सांगायचे नाहीत, लोकांकडून काढायचे. यात एक अडचण येते. "सांगा बरं, पहिला मुद्दा कोणता?" असं विचारलं की पुढच्या रांगेतले दोन हुशार लगेच बोलतात आणि बाकीचे सुटतात. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्याला सांगायला लावणं. "तुमच्या डाव्या हाताला जो बसलाय, त्याला सांगा की शंभर बिया कुठून काढायच्या." चाळीस माणसं एकदम बोलतात, मंडपात गलका होतो. होऊ द्या. अर्ध्या मिनिटाने थांबवून मागच्या रांगेतल्या कुणाला तरी विचारा.

आठवायला लावल्यावर चुकीची उत्तरं येतात, आणि तीच सगळ्यांत कामाची असतात. असा संवाद होतो:

"मागचे काका, शंभर बिया कुठून काढल्या?"

"पोत्याच्या तोंडातून. मूठभर घेतल्या."

"तेवढ्याने चालंल का?"

"नाही, नाही," पलीकडून एक ताई म्हणतात. "वरून, मधून, खालून काढायच्या. आणि सगळ्या पोत्यांतून."

"का बरं?"

"वरचं बी चांगलं असतं. तळाला दबलेलं फुटकं निघतं."

हे उत्तर तुमच्या तोंडून आलं असतं तर ती आणखी एक सूचना झाली असती. ताईंच्या तोंडून आलं, त्याला वजन आहे, कारण पोती त्यांनीच रचलेली असतात. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो, आणि हे घरात बी सांभाळणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक नसतं. माईक त्यांच्याकडे न्यायला विसरू नका. मंडपाच्या एका कडेला बसलेल्या बायकांकडे माईक सहसा पोहोचतच नाही.

विचारताना निवडून चुकीचं उत्तर देणाऱ्याला उघडं पाडू नका. "काका चुकले" असं वाटलं की पुढचा कुणी तोंड उघडत नाही. "काकांसारखं बरेच जण करतात, म्हणून विचारतोय" एवढं म्हटलं की पुरे.

चौथा दोष: जोश घोषणेत जिरतो

समारोपाकडून लोकांना उत्साहाने घरी पाठवण्याची अपेक्षा असते, आणि त्यासाठी आपल्याकडचा हमखास नुस्खा म्हणजे घोषणा, टाळ्या, कधी एखादं प्रेरणागीत. आवाज चढतो, अंगावर काटा येतो आणि रस्त्याला लागेपर्यंत उतरतो. घोषणेचं वावडं नाही मला, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. माणसाला निघताना हुरूप येतो तो काम सुरू झालेलं असलं की. अर्धं लावलेलं काम हातात असलं तर घरी जाऊन ते पुढे न्यावंसं वाटतं.

म्हणून या कार्यशाळेचा समारोप बोलण्याने संपत नाही, गोणपाट गुंडाळून संपतो. त्याची तयारी निमंत्रणापासून करावी लागते. निरोपात लिहा, "येताना घरच्या पेरणीच्या सोयाबीनच्या दोन मुठी आणा, वरून-मधून-खालून काढून." चाळिसातले काही जण विसरणारच, त्यांनी शेजाऱ्याच्या जोडीने काम करायचं आणि घरी जाऊन स्वतःचं लावायचं. तुम्ही हात-दीड हात लांबीरुंदीचे गोणपाटाचे तुकडे, प्रत्येक जोडीला दोन, आदल्या रात्री भिजवून ठेवा. सुतळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिठ्ठीसाठी पेन्सिली लागतात. बॉलपेनची शाई ओलीत पसरते.

प्रत्यक्षात ते असं होतं. प्रश्नोत्तरं संपली. तुम्ही उभे राहून एकच वाक्य बोलता, "आता मी बोलायचं थांबतो, तुमच्या बिया काढा." जोड्या पडतात. एक तुकडा जमिनीवर पसरायचा, पाणी निथळलेलं पाहिजे, ठिपकत असेल तर पिळून घ्यायचा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, बी बीला चिकटू द्यायचं नाही, बोटभर अंतर. बिया निवडायच्या नाहीत. इथे हमखास गंमत होते. लोक बारकी, सुरकुतलेली, फुटकी बी हळूच बाजूला काढतात, चाचणी पास व्हावी म्हणून. ते बघा आणि विचारा, "पेरताना पण अशी एकेक बाजूला काढणार का?" हशा होतो आणि काढलेली बी परत जागेवर जाते. मग वरून दुसरा ओला तुकडा, बियांसकट गुंडाळी, सैल सुतळी. चिठ्ठीवर नाव, कोणतं बी, आजची तारीख आणि मोजायची तारीख. पहिल्यांदा हे बारा ते पंधरा मिनिटं खातं. तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत धरलेला हवा.

हात चालू असतानाच तिन्ही मुद्दे विचारून घ्यायचे, कारण बोटं कामात असली की माणूस मोकळा बोलतो. पहिला मुद्दा तर त्यांच्या समोर पसरलेला असतो. बाकीचे दोन राहतात, पाऊस आणि खोली, आणि त्यांच्यासाठी हातात द्यायला काही नसतं. तिथे दिवस आणि जागा ठरवून घ्यायची. गोल्वित्झर आणि ब्रँडश्टेटर यांनी १९९७ मध्ये मांडलेला एक अभ्यास आहे: विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहायचा होता. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांच्यापैकी दहातल्या सातांनी वेळेत लिहिला, बाकीच्यांत दहातल्या तिघांनी. म्हणून "पाऊस मोजा" असं म्हणायचं नाही. "डबा कुठे ठेवणार?" विचारायचं. "गोठ्यामागं मोकळी जागा आहे तिथं." "आणि मोजणार कोण, किती वाजता?" "धार काढायला जातो तेव्हा, सकाळी." झालं. ज्याला जागा आणि वेळ सांगता आली, त्याचा डबा बहुधा लागतो.

निघताना शेवटची सूचना गुंडाळीची द्या. मे महिन्यातली दुपार आहे, पारा चाळिशीच्या पुढे असतो. ओली गुंडाळी पिशवीत घालून मोटारसायकलच्या डिकीत किंवा तापलेल्या सीटवर ठेवली तर बी घरी पोचेपर्यंत शिजेल आणि आठव्या दिवशी चांगल्या बियाण्याचाही निकाल खोटा येईल. पिशवीचं तोंड थोडं उघडं, सावलीला धरून न्यायची, घरी माठाजवळ ठेवायची, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. पाण्यात बुडवायचं नाही, बी कुजतं. सातव्या-आठव्या दिवशी उघडून फक्त सरळ मूळ आणि धड कोंब असलेली रोपं मोजायची. नुसतं फुगलेलं, वाकडं, बुरशी धरलेलं मोजायचं नाही.

आकडा आल्यावरचं गणित समारोपातच एकदा करून घ्या, नाहीतर आकडा आला तरी पुढे काय हे कळत नाही. शंभरात साठ उगवल्या असं धरू. सत्तरला तीस किलो लागतात, तर साठला किती? तिसाला सत्तरने गुणायचं आणि साठने भागायचं, पस्तीस किलो. म्हणजे एकरी पाच किलो बी जास्त. ते आत्ताच बाजूला काढायचं, की विकत घ्यायचं, हे मे महिन्यात ठरवता येतं. पाऊस पडल्यावर दुकानात रांग असते.

आठव्या दिवसाचा फोन

सगळ्यांना फोन शक्य नसेल तर दहा जणांना करा, पण दहा जण चिठ्ठ्या टाकून निवडा, ओळखीचे निवडू नका. ओळखीचे तुमचं मन राखतात. विचारायचं एवढंच, "काका, शंभरात किती?"

आकडा आला, तर पुढचं वाक्य "मग एकरी किती किलो धरलं?" त्याचंही उत्तर आलं तर समारोपाने काम केलं. आकडा आहे पण किलो सांगता येत नाहीत, तर गणित मंडपात नीट झालं नाही, फोनवर करून द्या आणि पुढच्या गावी त्याला तीन मिनिटं जास्त ठेवा. गुंडाळी वाळून गेली असं बरेच जण म्हणाले, तर पाणी शिंपडण्याची वेळ ठरवून घ्यायची राहिली. गुंडाळी घरी पोचलीच नाही, गाडीत राहिली, चहाच्या टपरीवर राहिली, असं निघालं, तर ती चहाच्या आधी हातात दिली गेली. ती चहा झाल्यावर, चपला घालताना द्या. आणि आकडा साठच्या खाली आला म्हणून कुणी घाबरून विचारत असेल, तर नवीन बी कुठून घ्यायचं, पावती आणि पिशवीवरचं लेबल सांभाळून का ठेवायचं आणि त्यातलं मूठभर बी पिशवीतच का राखायचं, हे तिथल्या तिथे सांगा. या फोनची तयारी आधी ठेवा. दहांत एखादा असा निघतोच.